जेवणाच्या सुट्टीत एफडी आणि म्युच्युअल फंड: आकडे मोठ्याने वाचून तुलना कशी करावी

मी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी टेबलाशी येतं आणि विचारतं, "भाऊ, एफडी करू का म्युच्युअल फंड?" एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र बसवू, म्हणून मी ही बैठक सुरू केली. पहिल्या दोन बैठका फसल्या. तिसरीपासून स्लाइड बंद केल्या आणि कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायला लागलो, तेव्हा कुठे लोक बोलायला लागले. तुमच्या ऑफिसात अशी बैठक घ्यायची असेल तर ती कशी घ्यावी, ते इथे लिहितो.

बोलायला कोणाला उभं करावं

पहिल्या वेळी मी एका बँकेच्या माणसाला बोलावलं होतं. भला माणूस, टाय लावून आला, समोसे घेऊन आला. दहा मिनिटं एफडीवर बोलला आणि मग "म्युच्युअल फंडासारखीच, पण विम्यासकट" अशी एक योजना काढून फॉर्म वाटायला लागला. ती युलिप होती, म्हणजे विम्याची पॉलिसी. पाच वर्षं पैसे अडकणार, हे शेवटच्या ओळीत होतं. तिघांनी तिथेच सही केली. त्यातल्या एकीची पॉलिसी, ती परत करण्याची मुदत संपायच्या आत रद्द करून घेताना माझे दोन शनिवार गेले.

म्हणून नियम पहिला: त्या खोलीत कोणताही फॉर्म, क्यूआर कोड किंवा व्हिजिटिंग कार्ड येणार नाही. बाहेरचा माणूस बोलावलाच तर त्याला आधी विचारा, तुम्ही वितरक की सल्लागार? वितरकाला फंड विकल्यावर कमिशन मिळतं आणि त्याच्याकडे एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो. सल्लागार सेबी या बाजार नियामकाकडे नोंदलेला असतो आणि फी तुमच्याकडून घेतो. दोघंही वाईट नाहीत, पण समोर कोण उभा आहे ते ऐकणाऱ्यांना माहीत हवं. सगळ्यात बरं म्हणजे आपल्यातल्याच, आकड्यांना न घाबरणाऱ्या दोघांनी वाचावं. एकाने एफडी, दुसऱ्याने फंड. वाचणाऱ्याने अमुक फंड घ्या, तमुक बँकेत ठेवा, असं सांगायचं नाही. तो आपला अधिकारही नाही आणि आपलं कामही नाही.

एचआरची परवानगी आधी घ्या आणि "गुंतवणूक सल्ला" हा शब्द नोटिशीत घालू नका. "एफडी व म्युच्युअल फंड: कागद कसा वाचावा" एवढं पुरतं.

वेळ, खोली आणि कूलर

अर्ध्या तासाच्या सुट्टीत पहिली दहा मिनिटं जेवणाला सोडा. भुकेल्या माणसाला चक्रवाढ व्याज ऐकू येत नाही. उरलेल्या वीस मिनिटांत एफडीला सहा, फंडाला दहा आणि बाकी प्रश्नांना व चिठ्ठ्यांना, असं मी धरतो. बारा ते पंधरा माणसं बरी. त्याहून जास्त झाली की मागचे आपसात बोलतात.

बाहेरगावच्या वाचकांना हसू येईल, पण नागपुरात एप्रिल-मेमध्ये ही बैठक ठेवू नका. आमच्या ट्रेनिंग हॉलमध्ये खिडकीला मोठा कूलर आहे. तो चालू असला तर "साडेसहा" आणि "साडेसात" यातला फरक तिसऱ्या बाकापलीकडे पोचत नाही, आणि बंद केला तर पाच मिनिटांत सगळे उठून जातात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ उत्तम.

आकडे बोलायचे आहेत, दाखवायचे नाहीत, म्हणून आणखी एक गोष्ट सांभाळा. आमच्याकडे निम्मे लोक घरी हिंदी बोलतात आणि तरुण पोरं मराठी आकड्यांना अडखळतात. मी एकदा "एकोणचाळीस हजार" म्हणालो आणि चौघांनी एकोणपन्नास लिहून घेतले. आता मी "चाळीस हजाराला थोडे कमी" म्हणतो. आकडा गोल करा, दोनदा म्हणा आणि फळ्यावर फक्त तोच लिहा.

आधी चिठ्ठी

वाचायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर दोनच गोष्टी लिहायच्या: किती पैसे आणि ते कधी लागणार. नाव नको, पगार नको. चिठ्ठ्या घडी घालून एका रिकाम्या टिफिनच्या डब्यात टाकायच्या.

ही चिठ्ठी मी एका चुकीतून शिकलो. फेब्रुवारी 2020 मध्ये, दुसऱ्या बैठकीत, मी शेअर बाजाराचा गेल्या वीस वर्षांचा वर जाणारा आलेख पडद्यावर दाखवला होता. आमच्या स्टोअरकीपरने त्याच आठवड्यात चाळीस हजार रुपये निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी या शेअर निर्देशांकाबरोबर वर-खाली होणाऱ्या फंडात टाकले. ते मुलीच्या जूनमधल्या ॲडमिशनचे पैसे होते. हे त्याने मला सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. मार्चअखेरीला लॉकडाऊनमध्ये घाबरून त्याने ते विकले. हातात आले सव्वाअठ्ठावीस हजार. फंडात काही घोटाळा नव्हता. जूनमध्ये लागणारे पैसे फेब्रुवारीत तिथे जायलाच नको होते.

एफडीची पावती वाचा

कोणाची तरी खरी पावती मागून घ्या, नाव आणि खाते क्रमांकावर कागद चिकटवा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचा. समजा एक लाख रुपये, पाच वर्षं, साडेसहा टक्के. (तुमच्या बँकेचा त्या दिवशीचा दर तिच्या संकेतस्थळावरून घ्या. हा दर मी उदाहरणापुरता धरलाय.)

मुदतपूर्तीची रक्कम वाचण्याआधी थांबा आणि विचारा, किती होतील? बहुतेक जण शाळेतलं सरळव्याज करतात. वर्षाला साडेसहा हजार, पाच वर्षांत साडेबत्तीस. पावतीवर मात्र सुमारे 1,38,042 असतं. वरचे साडेपाच हजार कुठून आले, हे फळ्यावर दोनच ओळींत दाखवा. पहिल्या तिमाहीचं व्याज 1,625 रुपये. ते मुद्दलात मिळालं, म्हणून दुसऱ्या तिमाहीचं व्याज एक लाखावर नाही, 1,01,625 वर लागलं आणि 1,651 झालं. अशा वीस तिमाह्या. इथे डिस्पॅचमधली एक ताई म्हणाली, "म्हणजे मी दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात घेऊन राहिले, ते वाढतच नाही?" बरोबर. व्याज खात्यात घेणारी ठेव आणि मुदतीअखेर घेणारी ठेव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पावतीवर त्याचा एकच शब्द असतो. तोच मोठ्याने वाचायचा.

मग पावती उलटी करून ठेव मोडण्याची अट वाचा. लोक समजतात की एफडी मोडली तर व्याज बुडतं. तसं नसतं. पैसे जितके महिने राहिले तितक्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. आपली एक लाखाची ठेव चौदा महिन्यांनी मोडली, त्या मुदतीचा दर सव्वासहा होता आणि दंड एक टक्का, असं धरू. मग व्याज सव्वापाच टक्क्यांनी, म्हणजे सुमारे 6,270 रुपये मिळेल. मोडली नसती तर तोवर 7,800 च्या आसपास जमलं असतं. मोडण्याची किंमत दीड हजार. मुद्दल शाबूत. हा दीड हजाराचा आकडा फळ्यावर राहू द्या, पुढे लागेल.

अपवाद एकच. पावतीवर "टॅक्स सेव्हर" लिहिलेलं असेल तर ती पाच वर्षं मोडता येत नाही.

"बँक बुडाली तर?" हा प्रश्न येतोच, आणि यायला हवा. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका माणसाला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज धरून. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ते एकच लाख होतं. एकाच बँकेच्या सीताबर्डीच्या आणि धरमपेठेच्या शाखेत वेगवेगळे पैसे ठेवले तरी ते एकत्रच मोजतात. नागरी सहकारी बँका या विम्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम तीनदा म्हणतो, कारण आमच्याकडे निम्म्या घरांतली "एफडी" पतसंस्थेत असते, एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून. पावतीचा रंग तसाच, शिक्का तसाच, विमा नाही. कंपन्या घेतात त्या ठेवींनाही हा विमा नाही.

फंडाचं स्टेटमेंट वाचा

आता दुसऱ्या वाचकाने उठावं. त्याच्या हातात कोणत्याही साध्या निफ्टी इंडेक्स फंडाचं स्टेटमेंट असावं. फंडाचं नाव झाका. नाव दिसलं की अर्धी खोली तेच फोनमध्ये शोधते.

एक लाख रुपये भरले. पाच रुपये स्टॅम्प ड्यूटी गेली. त्या दिवशी एका युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, पन्नास रुपये होती. 99,995 भागिले 50, म्हणजे 1,999.9 युनिट. पुढे तुम्ही काही केलं नाही तर युनिट तेवढेच राहतात, बदलते ती एनएव्ही. स्टेटमेंटवर मुदतपूर्तीची तारीख नाही, मुदतपूर्तीची रक्कमही नाही. एफडीच्या पावतीवर होती ती ओळ इथे शोधायला लावा. ती सापडत नाही, आणि दोन कागदांमधला सगळा फरक त्या नसलेल्या ओळीत आहे. वाचणाऱ्याने तिथे चार सेकंद गप्प राहावं.

कोणीतरी म्हणेल की दहा रुपये एनएव्हीचा फंड स्वस्त पडतो. दहा रुपयांचे दहा हजार युनिट घ्या किंवा पाचशे रुपयांचे दोनशे, बाजार दहा टक्के चढला तर दोन्हीकडे एक लाखाचे एक लाख दहा हजारच होतात. एवढं सांगून पुढे जा.

उभं राहायचं, विकलं की बसायचं

बैठकीचा जीव इथे आहे. सगळ्यांना उभं करा. सांगा की 31 डिसेंबर 2019 ला तुमचे एक लाख निफ्टीत गेले. आता मी दर महिन्याच्या शेवटी त्याचे किती झाले ते वाचणार. ज्या क्षणी "मी काढून घेतले असते" असं वाटेल त्या क्षणी खाली बसा. प्रामाणिकपणे.

हे आकडे निफ्टीच्या महिनाअखेरच्या पातळीवरून काढलेत. लाभांश आणि फंडाचा खर्च धरलेला नाही.

जानेवारी 2020, अठ्ठ्याण्णव हजार. कोणी बसत नाही. फेब्रुवारी, ब्याण्णव हजार. एखादा बसतो. मार्च, सत्तर हजार सहाशे.

इथे खुर्च्यांचा आवाज येतो. माझ्या अनुभवात पंधरातले सात-आठ इथे बसतात. बसलेल्यांना हसू देऊ नका आणि उभे असलेल्यांना शाबासकी देऊ नका. त्यांना माहीत आहे की हा खेळ आहे आणि बाजार नंतर चढला. त्या मार्चमध्ये ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि महिनाअखेरचा आकडा तर सौम्य आहे. 14 जानेवारीच्या उच्चांकावरून 23 मार्चपर्यंत निफ्टी 12,362 वरून 7,610 वर आला होता. त्या उंचीवर टाकलेल्या लाखाचे साडेएकसष्ट हजार.

पुढे वाचा. एप्रिल, एक्याऐंशी. मे, पुन्हा खाली, एकोणऐंशीला थोडे कमी. या मे महिन्यात आणखी दोघं बसतात, आणि मला ते मार्चपेक्षा जास्त शिकवून जातं. एकदा पडलं ते सोसतात, वर येऊन पुन्हा घसरलं की धीर सुटतो. जून, पंच्याऐंशीला थोडे कमी. जुलै, एक्याण्णव. ऑगस्ट, साडेत्र्याण्णव. सप्टेंबर, साडेब्याण्णवला जरा कमी. ऑक्टोबर, पंच्याण्णवच्या वर. दहा महिने झाले तरी मुद्दल निघालेलं नाही, हे मोठ्याने म्हणा. नोव्हेंबर, एक लाख साडेसहा हजार. डिसेंबर, एक लाख पंधरा हजारांना थोडे कमी.

मग फळ्यावरच्या त्या दीड हजाराकडे बोट करा. एफडी चुकीच्या वेळी मोडली तर दीड हजार गेले. फंड चुकीच्या वेळी विकला तर तीस हजार गेले. आमचा फिटर एकदा बसल्या बसल्या म्हणाला, "बापा, मंग काहून टाकायचे तिथं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर डिसेंबरच्या आकड्यात आहे, पण ते फक्त डिसेंबरपर्यंत उभं राहू शकणाऱ्यासाठी आहे.

इथेच थांबलात तर मात्र तुम्ही फंड विकून टाकलात. 2020 ची पडझड लवकर भरून निघाली. ती एकच सांगणं म्हणजे लोकांना वाटावं की वर्षभर धीर धरला की झालं. म्हणून 2008 सुद्धा वाचा, उभं न करता. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता. मार्च 2009 मध्ये तो 8,160 वर आला, म्हणजे एक लाखाचे चाळीस हजाराला थोडे कमी. परत त्या पातळीवर यायला 2010 ची दिवाळी उजाडली. तिथेही तो टिकला नाही, आणि नवा उच्चांक व्हायला 2013 ची दिवाळी आली. जवळजवळ सहा वर्षं. खोलीत कोणाची सहा वर्षांची तयारी आहे, हे मी विचारत नाही. त्यांच्या चिठ्ठ्या डब्यात आहेतच.

सगळं दसादशेत आणा

"गेल्या पाच वर्षांत साठ टक्के दिले!" हे कोणी ना कोणी फोनवर दाखवतंच. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच साठ विरुद्ध साडेसहा अशी कुस्ती लागते. एफडीचा दर वर्षाचा आहे आणि फंडाचा आकडा पाच वर्षांचा. शाळेत शिकलेलं दरसाल दरशेकडा इथे कामाला येतं. पाच वर्षांत साठ टक्के म्हणजे वर्षाला दहाला थोडे कमी. आणि आपली साडेसहाची एफडी पाच वर्षांत अडतीस टक्के देते. आता तुलना करा, साठ आणि अडतीस, किंवा दहा आणि साडेसहा. फंड तरीही पुढे आहे, पण दहापटीने नाही, आणि ते साठ टक्के होऊन गेलेले आहेत, कबूल केलेले नाहीत.

दुसरी चूक एसआयपीची. महिना दोन हजारांच्या एसआयपीची तुलना एक लाखाच्या एफडीशी करू नका. तिची जोडीदार आरडी आहे. दोन्हीत दर महिन्याला पैसे जातात, त्यामुळे शेवटचा हप्ता जेमतेम महिनाभरच राबलेला असतो. आणि कॅल्क्युलेटरमध्ये बारा टक्के घालून आलेला आकडा मोठ्याने वाचायची वेळ आलीच, तर आठ आणि चार घालूनही वाचा. तो बारा आकाशातून आलेला नाही, कोणीतरी टाइप केलाय.

करावर मी दोन मिनिटंच देतो. एफडीचं व्याज दरवर्षी उत्पन्नात मोजतात, हातात आलं नसलं तरी. एका बँकेत वर्षाला पन्नास हजारांवर व्याज झालं तर बँक दहा टक्के टीडीएस कापते, ज्येष्ठांना ही मर्यादा एक लाख. इक्विटी फंडाचा नफा विकल्यावरच मोजतात. वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्याहून जास्त नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत वीस टक्के. आमच्या शॉप फ्लोअरवरच्या बहुतेकांना नव्या कररचनेत पगारावर करच लागत नाही, त्यामुळे त्यांच्या एफडीचे अडतीस हजार जवळपास अडतीसच राहतात. वीस टक्क्यांच्या पट्ट्यातल्या मॅनेजरसाहेबांचे त्यातले आठेक हजार जातात. म्हणून करानंतरची तुलना एकाच आकड्यात सगळ्यांसाठी वाचू नका.

जे प्रश्न परतवायचे

"कोणता फंड घेऊ?" याला उत्तर द्यायचं नाही. त्याऐवजी फंडाच्या कागदावर जोखीममापकाचा काटा कुठे असतो ते दाखवा. सहा पायऱ्या असतात, कमी जोखमीपासून अतिशय जास्त जोखमीपर्यंत, आणि शेअरचे फंड बहुधा शेवटच्या पायरीवर असतात. तो शब्द त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या. दुसरी ओळ खर्चाच्या प्रमाणाची. त्याच फंडाचा डायरेक्ट प्लॅन असतो आणि रेग्युलर प्लॅन असतो. रेग्युलरमधून वितरकाचं कमिशन जातं, म्हणून त्याचा खर्च जास्त. दोन आकडे शेजारी वाचले की पुरे.

"शेअर नको, डेट फंड चालेल ना, एफडीसारखाच?" सारखा नाही. चढउतार कमी, पण पाच लाखांचा विमा नाही आणि दर ठरलेला नाही. एप्रिल 2020 मध्ये एका फंड कंपनीने आपल्या सहा डेट योजना एका दिवसात बंद केल्या होत्या. लोकांना पैसे पुढे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण हवे होते तेव्हा नाही. शिवाय एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर एफडीच्या व्याजासारखाच आपल्या पट्ट्याप्रमाणे कर लागतो.

शेवटची मिनिटं: डबा उघडा

आता चिठ्ठ्या काढा आणि एकेक मोठ्याने वाचा. वाचल्यावर ती टेबलाच्या डाव्या कडेला ठेवायची की उजव्या, हे खोलीने सांगायचं. डावीकडे एफडी किंवा आरडी, उजवीकडे फंड. वाचणाऱ्याने मत द्यायचं नाही.

गेल्या जानेवारीतल्या बैठकीत चौदा चिठ्ठ्या होत्या. "60 हजार, जून, पोराची फी." सगळे एका आवाजात डावीकडे. "2 लाख, दोन वर्षांनी, बहिणीचं लग्न." कोणीतरी "थोडे तिकडे टाकू" म्हणालं आणि मार्चमध्ये बसलेल्या फिटरने त्याला गप्प केलं. "महिना 2 हजार, 12 वर्षं." उजवीकडे. "1 लाख, पाच वर्षं, घराचं डाउन पेमेंट." इथे वाद झाला. पाच वर्षं म्हणजे 2008 ची गोष्ट पुरी होत नाही. शेवटी त्यांनी चिठ्ठी मधोमध ठेवली आणि ठरवलं की तारीख हलू शकत असेल तर काही भाग उजवीकडे, हलणार नसेल तर सगळं डावीकडे. मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नसतं.

चौदापैकी नऊ डावीकडे गेल्या. बैठक म्युच्युअल फंडाची आणि चिठ्ठ्या एफडीच्या, म्हणून एचआरच्या मॅडमना जरा वाईट वाटलं. मला नाही वाटलं. लोकांच्या हातात होते ते बहुतेक पैसे जवळच्या तारखेचेच होते.

एक चिठ्ठी उरली. तिच्यावर लिहिलं होतं, "80 हजार, कधी लागतील माहीत नाही." खोली गप्प झाली. मग डिस्पॅचमधली ताई म्हणाली, "माहीत नाही म्हणजे उद्याही लागू शकतात ना." चिठ्ठी डावीकडे सरकली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, आणि टिफिन उचलता उचलता फिटरने मला विचारलं की ऐंशी हजारांची एकच एफडी करायची का वीस-वीसच्या चार, म्हणजे लागली तर एकच मोडता येईल. चार, म्हणालो.